बोर्डावरचा कागद

परवा आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नवीन बिऱ्हाडातला मुलगा जिन्यात भेटला. मुलगा म्हणजे तिशी उलटलेला, पण मला आता चाळिशीच्या आतले सगळे मुलंच वाटतात. हातात सोसायटीच्या नियमांचा कागद. म्हणाला, "काकू, एवढं बारीकसारीक कोणी लिहिलंय हो हे? गोण्या मोजायच्या म्हणजे काय?"

मी म्हटलं, "मीच लिहिलंय."

बिचारा ओशाळला. पण त्याला ते विचारावंसं वाटलं हे मला बरं वाटलं. तीस वर्षं शाळेत शिकवताना एक कळलं, की ज्या नियमाचं कारण मुलाला ठाऊक नसतं तो नियम फक्त बाई वर्गात असेपर्यंतच टिकतो. म्हणून त्याला घरी बोलावलं, चहा टाकला आणि सगळं सांगितलं. तेच आज इथे लिहिते आहे. भाचरं म्हणतात मावशी हल्ली काही लिहीत नाही, त्यांचीही तक्रार नको.

आमची इमारत पुण्यातली, १९८८ साली बांधलेली. खाली पार्किंग, वर चार मजले, सोळा बिऱ्हाडं. मी दुसऱ्या मजल्यावर. माझ्या बरोबर खाली वहिनी राहतात. वहिनी म्हणजे नात्यातल्या नव्हेत, पण पस्तीस वर्षांचा शेजार. त्यांचे यजमान, त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणत असू, ते आता नाहीत.

ही गोष्ट २०१२ सालच्या मे महिन्यातली. माझा मुलगा बंगळूरहून दहा दिवसांची रजा काढून आला आणि म्हणाला, आई, तुझं बाथरूम घसरडं झालंय, नवीन करून देतो. त्या वेळी आमच्याकडे नियम असे नव्हतेच. सेक्रेटरींना जिन्यात भेटल्यावर सांगायचं, दोन हजार रुपये डिपॉझिट द्यायचं, काम संपलं की वॉचमनला विचारून ते परत मिळायचं. मी तर तेही काम सुरू झाल्यावर दिलं. आपलंच घर, आपलंच बाथरूम, विचारायचं कोणाला?

दहा दिवसांत उरकायचं म्हणून कंत्राटदाराने छिन्नी-हातोड्याऐवजी ब्रेकर मशीन लावलं. फरशा, भिंतीच्या टाइल्स आणि खालचा जुना कोबा, सगळं दोन दिवसांत उखडलं. अकराव्या दिवशी मुलगा परत गेला. बाथरूम सुरेख झालं होतं. डिपॉझिटही परत आलं.

जूनच्या शेवटी वहिनी वर आल्या. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली होती. मी खाली जाऊन पाहिलं. ताटाएवढा डाग होता. आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "वहिनी, हा तर जुनाच डाग दिसतोय."

मी मुद्दाम खोटं बोलले नाही हो. मला खरंच तसं वाटलं होतं. त्यांना खरंच नवीन वाटत होता. पण काम सुरू होण्याआधी ते छत कसं होतं हे दोघींपैकी एकीलाही सिद्ध करता येत नव्हतं. समितीनेही हात वर केले. त्यांच्याकडे ना अर्ज, ना फोटो, ना डिपॉझिट. सगळा व्यवहार तोंडी. मग तोंडच वाजणार ना!

पावणेदोन वर्षं आमच्यात जाणं-येणं बंद होतं. संक्रांतीचं वाण मी दाराच्या कडीला अडकवून यायची. शेवटी २०१४ मध्ये मीच दुसरा प्लंबर बोलावला. त्याने एका कोपऱ्यातल्या चार फरशा काढल्या आणि दाखवलं. ब्रेकरच्या हादऱ्याने न्हाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याला, बारीक चीर गेली होती. आंघोळीचं पाणी रोज थोडं थोडं भरावात मुरत होतं आणि भराव भिजला की खाली उतरत होतं. माझीच चूक. दुरुस्ती केली, त्यांचं छत करून दिलं, हात जोडले. वहिनींनी मोठ्या मनाने विषय संपवला. निदान मला तसं वाटलं.

२०१९ मध्ये सर्वसाधारण सभेत ठरलं की आता नीट लेखी नियम करू. सेक्रेटरींनी कुठल्या तरी मोठ्या सोसायटीची एकतीस कलमांची छापील यादी आणली. मी ती उत्तरपत्रिका तपासावी तशी वाचली. सगळ्या वाक्यांचा शेवट एकच, 'अन्यथा दंड आकारला जाईल'. कारण एकाचंही नाही. शेवटी चौथ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर काका, सेक्रेटरी, वहिनी आणि मी अशी चौघांची समिती झाली. वहिनींचं नाव मीच सुचवलं. नियम करताना खालच्या मजल्यावरचं माणूस हवंच, असं माझं ठाम मत झालं होतं.

पहिला प्रश्न परवानगीचा. आदर्श उपविधींमध्ये हे मुळातच आहे, की समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सभासदाने घरात फेरफार करायचे नाहीत. पण रंग द्यायलाही अर्ज मागितला तर लोक अर्जच करत नाहीत. म्हणून काकांनी कामाचे तीन भाग पाडले.

रंग, कपाटं, पंखे, दाराला पॉलिश. यासाठी फक्त कळवायचं. फरशी, बाथरूम, स्वयंपाकाचा ओटा, नळ आणि विजेच्या नव्या वायरिंगसाठी लेखी अर्ज आणि लेखी परवानगी. भिंत काढणं, नवीन दार-खिडकी पाडणं, गॅलरी बंद करणं, संडास-बाथरूमची जागा हलवणं यासाठी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि जिथे लागते तिथे महापालिकेची परवानगी, मगच समितीकडे अर्ज. कॉलम, बीम आणि स्लॅबला हात लावायची परवानगी कोणी मागितली तरी द्यायचीच नाही. काका म्हणाले, "समितीला तो अधिकारच नाही. कॉलम कोणा एकाच्या घरातून जातो म्हणून तो त्याचा होत नाही."

मला वाटायचं कॉलम म्हणजे कोणी मुद्दाम तोडेल तरच. तसं नसतं. वायरिंगची पाइप भिंतीत लपवायला कारागीर मशीनने झिरी मारत येतो आणि वाटेत कॉलम आला की तसाच पुढे जातो. आतली सळई उघडी पडते, वर प्लॅस्टर होतं आणि सगळं छान दिसतं. काही वर्षांनी सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. म्हणून आमच्या अर्जावर घराचा साधा नकाशा काढून कॉलम आणि बीम लाल पेन्सिलीने दाखवलेले असतात आणि तो कागद कामाच्या जागी भिंतीवर चिकटवायचा असतो. कारागीर नियम वाचत नाही, पण लाल रंग त्याला कळतो.

परवानगीला आम्ही एक अट समितीवरही घातली. सात दिवसांत उत्तर द्यायचं. नाही म्हणायचं असलं तर कारण लिहून. महिनाभर अर्ज पडून राहिला की माणूस काम सुरू करून टाकतो आणि मग चूक त्याची की आपली, हे सांगता येत नाही.

आणि शेवटची अट माझी. परवानगीचं पत्र हातात देण्याआधी खालच्या घराची पाहणी करायची. काम करणारा, खालचा सभासद आणि समितीतलं एक माणूस, असं तिघांनी मिळून. छत, भिंतींचे कोपरे, बाथरूमच्या पाइपांची भोकं, यांचे फोटो काढायचे, जुने डाग आणि चिरा वहीत लिहायच्या आणि तिघांनी सह्या करायच्या. वीस मिनिटांचं काम आहे. ती वीस मिनिटं २०१२ मध्ये दिली असती तर माझी पावणेदोन वर्षं वाचली असती.

दुसरा मुद्दा वेळेचा. इथे मी सगळ्यात जास्त शिकले. मला वाटत होतं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, रविवारी बंद, एवढं पुरे. काका म्हणाले, आवाजाच्या २००० सालच्या नियमांमध्ये रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ धरली आहे, पण दिवसाचं आपलं आपणच ठरवायला हवं. सेक्रेटरी म्हणाले, दुपारी सगळे ऑफिसात असतात, तेव्हाच तोडफोड उरकू दे.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. मी सहज विचारलं, "वहिनी, दुपारी चालेल ना?" त्या हळूच म्हणाल्या, "बाई, तुमचं काम चाललं होतं ना त्या मे महिन्यात, तेव्हा यांची बायपास होऊन महिनाच झाला होता. डॉक्टरांनी दुपारी झोप सांगितली होती. मी यांना रिक्षाने मारुतीच्या देवळात नेऊन बसवायची. चारला परत आणायची."

मला काय बोलावं सुचेना. ओलीचं भांडण मला ठाऊक होतं. हे ठाऊकच नव्हतं. मेच्या उन्हात छातीवर टाके असलेला माणूस देवळाच्या पायरीवर बसला होता आणि मी वर टाइल्सचा रंग निवडत होते. त्यांनी तेव्हा एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ब्रेकर थांबवला असता का? हो म्हणावंसं वाटतं. पण मुलाची रजा दहाच दिवसांची होती.

तेव्हाच मला कळलं, की शेजाऱ्याने सहन करायचं की तक्रार करायची, हे त्याच्या स्वभावावर सोडता येत नाही. जो भिडस्त त्याच्यासाठीच नियम लागतो. जो भांडतो त्याचं काम नियमाशिवायही होतं.

मग आम्ही कामाची वेळ आणि ठोकाठोकीची वेळ वेगळी केली. काम सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. पण ब्रेकर, ड्रिल, फरशी कापायचं मशीन फक्त दहा ते एक आणि चार ते सहा. एक ते चार शांतता. त्या तीन तासांत प्लॅस्टर, फरशी बसवणं, रंग, सामान लावणं ही बिनआवाजाची कामं होतात, कारागिरांची जेवणं होतात. रविवारी आणि सणाच्या दिवशी बंद. दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा चालू असताना मशीन बंद. आणि ब्रेकर कोणत्या तारखांना चालणार, हे निदान तीन दिवस आधी बोर्डावर लिहायचं. आजारी माणूस, लहान बाळ, रात्रपाळीचा मुलगा असलेल्या घरांना काही सोय करता येते. तोडफोड खरं तर फार दिवस चालत नाही. दोन बाथरूम आणि एक भिंत असेल तर चार-पाच दिवसांत ती संपते. किती दिवस हे माहीत असलं की माणूस सोसतो. माहीत नसलं की तासाभरातच वैतागतो.

तिसरा मुद्दा राडारोड्याचा. त्या मुलाला हसू आलं होतं ते याचंच. मलाही आधी वाटायचं, हा स्वच्छतेचा प्रश्न आहे. काकांनी वहीवर गणित मांडलं तेव्हा कळलं, की हा मुख्यतः वजनाचा प्रश्न आहे.

याच मुलाच्या घराचं उदाहरण घेऊ. त्याला हॉल आणि खोलीमधली एक भिंत काढायची होती. इंजिनिअरचं पत्र होतं, भिंत साडेचार इंची, वरचं वजन न पेलणारी. दहा फूट लांब, नऊ फूट उंच. विटा आणि दोन्ही बाजूंचं प्लॅस्टर धरून ती दोन टनांच्या थोडी वर भरते. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत राडारोडा भरला की माणसाला उचलता येईल अशी गोणी साधारण ३५ किलोची होते. म्हणजे एका भिंतीच्या झाल्या ६० गोण्या. शिवाय दोन बाथरूम. पाच बाय सातच्या एका बाथरूमच्या भिंतीच्या टाइल्स आणि खालचा फूटभर भराव मिळून ७० गोण्या. दोहोंच्या १४०. एकूण २०० गोण्या, म्हणजे सात टन!

आता दुसरी बाजू. राहत्या खोलीचा स्लॅब माणसं आणि सामान यांच्यासाठी दर चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने धरतात. दर चौरस फुटाला १९ किलोच्या आसपास. एक गोणी आडवी ठेवली की साधारण दोन चौरस फूट जागा घेते. म्हणजे गोण्यांचा एकच थर पसरला तरी स्लॅबचा हिशेब पुरा झाला. एकावर एक चार थर रचले तर चौपट. त्यात गॅलरी तर फक्त एका बाजूने धरलेली असते आणि तिथेच गोण्या रचायची कारागिरांना हौस, कारण त्या डोळ्यांआड होतात.

म्हणून आमचा नियम असा. घरात गोण्यांचा एकच थर, तोही भिंतीच्या कडेने. गॅलरीत आणि गच्चीवर एकही नाही. रोजचा राडारोडा रोज संध्याकाळी खाली. पार्किंगमधल्या ठरलेल्या जागी खाली प्लास्टिक अंथरून जास्तीत जास्त दोन दिवस. मग टेम्पो. छोटा हत्ती एका खेपेला वीस गोण्या नेतो, तेव्हा या घराच्या दहा खेपा. दर खेपेला महापालिकेने ठरवलेल्या जागी माल टाकल्याची पावती अर्जाच्या फायलीला लावायची. पावती मागितली नाही तर तोच राडारोडा रात्री नदीकाठी नाहीतर ओढ्यात जातो. केंद्र सरकारने २०१६ साली बांधकामाच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम केले, तरी आपल्या गोण्या कुठे गेल्या हे आपल्यालाच विचारावं लागतं.

लिफ्टचं आधी आम्ही सरळ 'बंदी' असं लिहिलं होतं. वहिनी म्हणाल्या, दोनशे वेळा पस्तीस किलो डोक्यावर घेऊन तीन जिने उतरायचे, ती माणसं नाहीत का? म्हणून तो नियम बदलला. आमची लिफ्ट सहा माणसांची, ४०८ किलोची. दुपारी दोन ते चार, एका वेळी सहा गोण्या आणि एक माणूस, खाली प्लायवूड अंथरून. शेवटी दाराची खाच ब्रशने साफ करायची, कारण लिफ्ट बंद पडते ती बहुधा वजनाने नाही, त्या खाचेत अडकलेल्या वाळूने.

गोण्या मोजायचं काम वॉचमनचं. तो वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी असं करत जातो. ते कशासाठी, हे त्या मुलाला आता कळलं आहे. काम सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी वही पाहिली. भिंत पूर्ण पडली होती, हिशेबाने ६० गोण्या खाली यायला हव्या होत्या. वहीत रेघा १८. मग उरलेल्या ४२ कुठे? काका वर गेले. तीन बाय आठच्या गॅलरीत सगळ्या रचलेल्या. दर चौरस फुटाला साठ किलो! काका कोणावर ओरडले नाहीत. त्यांनी मुलाला ऑफिसातून बोलावून घेतलं, गणित दाखवलं आणि रात्री आठपर्यंत उभं राहून सगळ्या गोण्या खाली उतरवून घेतल्या. सहानंतर काम बंद हा नियम आम्हीच मोडला, पण त्या दिवशी कोणी तक्रार केली नाही.

चौथा मुद्दा डिपॉझिटचा. यावर सभेत सगळ्यात जास्त आवाज झाला. कोणी म्हणे एक लाख घ्या, म्हणजे वचक राहील. कोणी म्हणे आपल्याच घरात काम करायला पैसे कशाला? शेवटी बाथरूम-फरशीच्या कामाला २५ हजार, बिनव्याजी, परत मिळणारे, असं सभेने मंजूर केलं. दोन हजार असले की माणूस ते गेले असं धरूनच चालतो. लाख असले की लोक कामच लपवतात.

पण रकमेपेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी. एक, कापायचं तर प्रत्यक्ष झालेला खर्च, बिलासह. जिन्याची फरशी फुटली, लिफ्टचा आरसा तडकला, पार्किंग झाडून घ्यावं लागलं, तेवढंच. समितीला राग आला म्हणून नाही. दोन, परत कधी करायचं याची तारीख ठरलेली हवी. आमच्याकडे काम संपल्याचं पत्र आल्यावर तीस दिवस थांबतो आणि पुढच्या पंधरा दिवसांत चेक देतो.

तीस दिवस कशाला, तर ड्रेनेजसाठी. कारागीर संध्याकाळी घमेली आणि थापी न्हाणीतच धुतात. सिमेंटचं पाणी पाइपातून जातं, वळणावर साचतं आणि घट्ट होतं. ज्याने काम केलं त्याच्याकडे काहीच होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावर न्हाणीतून पाणी उलटं वर येतं. तेव्हा डिपॉझिट परत गेलेलं असेल तर मग कोणाला धरणार? म्हणून काम चालू असताना न्हाणीची जाळी गोणपाटाने बंद, घमेली खाली बागेच्या नळावर. आणि खालच्या चेंबरची झाकणं काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर उघडून बघायची. तळाला करडा, कडक थर दिसला की समजायचं.

डिपॉझिटने सगळं भरून निघत नाही, हेही लिहिते. खालच्या घरात ओल आली तर २५ हजार पुरतीलच असं नाही. त्यासाठी वेगळं हमीपत्र घेतो, एक पावसाळा धरून वर्षभराचं. पण त्याहून चांगला उपाय म्हणजे नव्या फरश्या बसवण्याआधी पाण्याची चाचणी.

ती अशी. जलरोधक थर पूर्ण वाळला की जाळीचं तोंड घट्ट बंद करायचं, चार इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची आणि तीन दिवस तसंच ठेवायचं. पहिल्या दिवशी पाणी थोडं उतरतं, ते कोबा पितो, त्याचं काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा खूण करायची आणि तिथून पुढे बघायचं. आणि रोज सकाळी खालच्या घरातल्या छताला हात लावून यायचं.

या वेळी खालचं घर माझंच होतं. दुसऱ्या दिवशीच्या खुणेपासून तिसऱ्या दिवशी पाणी बोटभर खाली गेलं. एवढं काही उडून जात नाही. मी स्टुलावर चढून (मुलाला सांगू नका) माझ्या बाथरूमच्या छताला हात लावला. पाइपाच्या भोकाजवळ हाताला गार, ओलसर लागलं. वहीतला फोटो काढला. त्यात तो कोपरा कोरडा. खाली आमच्या तिघांच्या सह्या.

मी वर गेले. मुलाने फोटो पाहिला, छत पाहिलं आणि म्हणाला, "काकू, बरं झालं आत्ताच कळलं. फरश्या उद्या बसणार होत्या." पाइपाभोवतीचा सांधा उघडून परत भरला, तीन दिवसांची चाचणी पुन्हा केली, पाणी खुणेवर राहिलं. पाच दिवस जास्त लागले. आवाज कोणाचा चढला नाही. 'हा डाग जुनाच आहे' असं म्हणायची वेळ कोणावर आली नाही.

गेल्या आठवड्यात त्याचं डिपॉझिट परत केलं. जिन्याच्या एका पायरीची कड तुटली होती, तिचे ६५० रुपये बिल लावून कापले आणि २४ हजार ३५० चा चेक दिला. चेक घेऊन तो वर गेला आणि बायकोबरोबर पेढे घेऊन आला. मला म्हणाला, "काकू, वास्तुशांतीला यायचं हं. दुपारी एक ते चारच्या मध्ये जेवण ठेवलंय, आवाज होणार नाही."

वहिनी आणि मी बरोबरच गेलो. जेवून उतरताना वहिनी बोर्डापाशी थांबल्या. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. 'एक ते चार शांतता' यावर बोट ठेवलं. मला वाटलं काही म्हणतील. म्हणाल्या, "बाई, अक्षर अजून तसंच आहे हो तुमचं."

आणि घरी गेल्या. भाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या तीन तासांचा त्यांना काही उपयोग नाही. पण सध्या चौथ्या मजल्यावर काम चालू आहे, आणि काल दुपारी दोन वाजता मी मुद्दाम जिन्यात उभी राहून ऐकलं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

असो. तुमच्याकडे ठोकाठोकीच्या वेळा काय आहेत? आणि काम सुरू होण्याआधी खालच्या घराचं छत कोणी बघून येतं का? नसेल, तर पुढच्या सभेत एवढं एकच सुचवा.